एकाच पोत्यातली मिरची: हात जळले, भाजीही जळजळली

आलू-वांग्याच्या भाजीला मिरचीचं प्रमाण किलोवर ठरवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा भाबडेपणा आहे. शंभर पानांच्या गंजाला अर्धा किलो हिरवी मिरची, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण किलो तसाच राहतो आणि पोत्यातली मिरची दर खेपेला बदलते. नागपुरातल्या मे महिन्यातल्या एका लग्नाच्या स्वयंपाकात हे जरा जास्तच कळलं.

मागवली होती फिकट हिरवी, जाड सालीची मिरची. कॉटन मार्केटमधून आली ती बारीक, गडद हिरवी आणि टोकाला वळलेली. आणणाऱ्याचं म्हणणं, "मिरची मिरचीच असते ना बाप्पा." ऊन तापलं आणि पाणी तुटलं की झाड बहुधा जास्त तिखट फळ देतं, त्यामुळे उन्हाळ्यात ओळखीच्या जातीवरही भरवसा टाकता येत नाही. चव बघायची पद्धत मात्र सोपी आहे. चार-पाच मिरच्या काढायच्या, देठाच्या बाजूची जवाभर चकती कापायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. शेंड्याचा तुकडा चाखून काही कळत नाही, कारण तिखटपणा तयार होतो तो आतल्या पांढऱ्या शिरेत, आणि ती देठाजवळ जास्त असते. बियांना बदनामी फुकट मिळते. त्या शिरेला चिकटलेल्या असतात म्हणून तिखट लागतात.

त्या दिवशी पाच किलो मिरची होती. थोडी भाजीच्या वाटणाला, थोडी ठेच्याला आणि बाकीची चिरा देऊन तळायला. चिरा द्यायला बसलेली पोरगी कामाला झपाट्याची. चाकूनं चीर द्यायची आणि अंगठ्याच्या नखानं शीर खरवडून काढायची. हातात होते ते खानावळीत वाढपी घालतात तसले पातळ, सैल प्लास्टिकचे हातमोजे. मिरची निसताना ते काही कामाचे नाहीत. नखापाशी फाटतात, आणि मग आत गेलेला रस घामासकट कातडीवर दाबून धरतात. घालायचेच तर हाताला घट्ट बसणारे नायट्राइलचे घालावेत. मेडिकलच्या दुकानात मिळतात.

तासभर तिला काही जाणवलं नाही, आणि इथंच लोक फसतात. तळहाताची कातडी जाड असल्यानं आग उशिरा लागते, पण बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली रस मुरत राहतो. दुपारी ती म्हणाली, "काका, हाताची नुसती आग होऊन राहिली." तोवर आजूबाजूच्या बायांनी उपाय सुरू केले होते. एक म्हणे लिंबू चोळा, दुसरीनं गरम पाण्याचं पातेलं आणलं. गरम पाणी तर अजिबात नको. मिरचीतला कॅप्सेसिन कातडीतल्या ज्या नसांना चेतवतो, त्याच नसा उष्णताही ओळखतात, त्यामुळे ऊब लागली की आग दुप्पट वाटते. लिंबानं तो निघत नाही आणि नखाशी चिरलेलं असेल तर वरून झोंबतं.

कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी दोन्ही हातांना चमचाभर गोडं तेल लावून मिनिटभर चोळलं, बेचकी आणि नखांच्या कडा धरून. मग ते तेल कोरड्या कागदानं पुसून काढलं. हे पुसणं लोक विसरतात, आणि मग तेलातला तिखटपणा हातभर पसरतो. त्यानंतर भांडी घासायचा पातळ साबण आणि गार पाणी, नखांना जुना टूथब्रश. हे सगळं तीनदा केलं. शेवटी गार दह्यात हात बुडवून बसवलं. दह्यानं जे उरलंय ते सगळं धुऊन निघत नाही, पण आराम पडतो. डोळ्याला हात लावू नको, हे तिला चारचारदा सांगावं लागलं. डोळ्यात गेलंच तर नुसतं साधं पाणी, दहा-पंधरा मिनिटं वाहतं. तिथे तेल नाही आणि दहीही नाही. कातडीला फोड आले किंवा दुसऱ्या दिवशीही आग गेली नाही तर डॉक्टर गाठायचा.

इकडे भाजी शिजून तयार. गंजात चोवीस किलोच्या आसपास. चाखणाऱ्या आचाऱ्यानं "बरी आहे" म्हटलं, पण सकाळपासून ठेचा चाखणाऱ्याची जीभ दुपारी काय सांगणार? ज्यानं सकाळपासून तिखट खाल्लं नाही अशा माणसाला दोन घास भातासोबत दिले. तिखटाची लाट मागून येते, म्हणून मिनिटभर थांबवलं. त्यानं पाण्याचा गिलास शोधला.

आचाऱ्याचा पहिला विचार, अजून उकळू द्या. उकळून तिखट उडत नाही, पाणी तेवढं उडतं आणि भाजी आणखी जहाल होते. मी आधी गॅस बंद करवून गंज दहा मिनिटं हलवू दिला नाही. वर तर्री आली. तिखट तेलात ओढलं गेलेलं असतं, म्हणून पळीनं पाऊण लिटर तर्री अलगद काढून घेतली. फेकली नाही, तिखटवाल्यांच्या पंगतीत वेगळ्या वाटीत ती गेली आणि लोकांनी मागून घेतली.

पण खरा उतारा एकच, भाजी वाढवणं. पाच किलो आलू उकडून फोडून घातले, सोबत अर्धा किलो भाजलेल्या दाण्यांचं वाटण आणि अडीच लिटर पाणी. चोवीसचे बत्तीस झाले, म्हणजे तिखट पाऊण हिश्शावर आलं, आणि तर्री काढल्यानं आणखी खाली. मीठ घालायचं ते नव्या आठ किलोपुरतंच. गूळ शंभर ग्रॅम, वर मूठमूठ सांबार, म्हणजे कोथिंबीर. गुळानं तिखट कमी होत नाही, जिभेचं लक्ष फक्त दुसरीकडे जातं. त्यापलीकडे घातला तर भाजीची गोडमिट्ट आमटी होते. दही घालायचा आग्रह झाला, तो मी मोडला. उकळत्या भाजीत दही फाटतं, आणि दुधातल्या प्रथिनांचा गुण तोंडात जास्त उपयोगी पडतो. त्यापेक्षा पानाशेजारी मठ्ठा वाढवला.

यजमान अजूनही सांगतात की आलूनं तिखट शोषून घेतलं. आलू रस्सा शोषतो, त्यातलं तिखट वेगळं निवडून घेत नाही. दोन कच्चे आलू टाकून नंतर काढून घेतले असते तर गंजात तिखट तेवढंच उरलं असतं. पण हे त्यांना पटत नाही, आणि भाजी जमली होती म्हणून मीही वाद घातला नाही.

निसण्याची पद्धत मात्र तेव्हापासून बदलायला लावली. मिरची देठासकट धुवायची आणि फडक्यावर कोरडी करायची, कारण ओल्या मिरचीचा रस बोटांवर पसरतो. तुकडे हवे असतील तर देठ धरून कात्रीनं थेट भांड्यात कापायचे. देठ शेवटी हातात उरतो, बोट कापलेल्या भागाला लागत नाही. शीर काढायची तर चहाच्या चमच्याच्या दांड्यानं, नखानं नाही. आणि मिक्सरचं भांडं ठेच्यानंतर आधी चमचाभर तेल फिरवून, मग साबणानं धुवायचं; झाकणाचं रबर काढून वेगळं. त्या लग्नात हे कुणी केलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात वाटलेल्या ओल्या खोबऱ्याची खीर घशाला लागली.