गजराचं लाल घड्याळ आणि साठ टक्क्यांवर राहिलेला ब्रश

वस्तू पार्श्वभूमीतून सुट्या करण्याच्या मालिकेतली ही चौथी वस्तू: दोन घंट्या, वर कडी आणि खाली दोन बारीक पाय असलेलं लाल रंगाचं गजराचं घड्याळ. मागे लाकडी कपाट असल्याने आपोआप सिलेक्शन करणारी टूल्स लाल आणि तपकिरीच्या सीमेवर सारखी घसरत होती. म्हणून फोटोशॉपमध्ये सगळं क्विक मास्कमध्ये, म्हणजे ब्रशने रंगवून सिलेक्शन ठरवायच्या मोडमध्ये, हाताने रंगवायचं ठरवलं.

सुरुवात नेहमीचीच. बॅकग्राउंड लेयरवर डबल क्लिक करून तो साधा लेयर केला, कारण तसं केलं नाही तर Delete दाबल्यावर पारदर्शक जागा मिळत नाही. आधीचं सिलेक्शन Ctrl+D ने काढलं, Q दाबून मास्कमध्ये शिरलो आणि D दाबून रंग काळा-पांढरा केला. मूळ सेटिंगमध्ये काळ्याने रंगवाल तो भाग लाल पडद्याखाली जातो आणि सिलेक्शनच्या बाहेर राहतो. म्हणजे घड्याळ रंगवून पुन्हा Q दाबलं की घड्याळ सोडून बाकी सगळं सिलेक्ट झालेलं असतं. इन्व्हर्स करायची गरज नाही, थेट Delete दाबायचं.

कडा आधी घेतल्या. चाळीस पिक्सेलचा ब्रश, हार्डनेस नव्वदच्या आसपास. पायांच्या सरळ कडांना एका टोकाला क्लिक आणि Shift धरून दुसऱ्या टोकाला क्लिक, की मधली रेघ आपोआप भरते. रेघ बाहेर गेली तर X दाबायचं आणि पांढऱ्याने पुसायचं. मागची घंटा थोडी आउट ऑफ फोकस आहे, तिथे हार्डनेस तीसवर आणला. फोटोत कड जितकी मऊ, तितकाच ब्रश मऊ ठेवला तर कापलेली वस्तू चिकटवल्यासारखी दिसत नाही. कडीच्या आतली पोकळी रिकामी सोडली.

मग ब्रश तीनशेचा करून आतला भाग भरला, Q दाबलं. मुंग्यांसारखी पळणारी तुटक रेघ घड्याळाभोवती अगदी नेटकी दिसत होती. Delete दाबलं आणि तबकडीतून पारदर्शक जागेचे करडे-पांढरे चौकोन दिसायला लागले! त्यातही एकसारखे नाहीत, पट्ट्यापट्ट्यांनी. काही ठिकाणी तबकडी जवळजवळ शाबूत, शेजारीच अर्धवट उडालेली.

कारण शोधायला बराच वेळ गेला. ब्रश हातात असताना आकड्याची कळ दाबली की ब्रशची ओपॅसिटी बदलते, आणि माझं बोट कधीतरी 6 वर पडलं होतं. साठ टक्के काळ्याने रंगवलेला भाग साठ टक्केच झाकला जातो, उरलेला चाळीस टक्के सिलेक्ट होतो आणि Delete तितका भाग उडवतं. जिथे ब्रशचे दोन फटकारे एकावर एक आले, तिथे फक्त सोळा टक्के गेला, म्हणून ते पट्टे.

मग ती रेघ इतकी बरोबर कशी दिसत होती? कारण ती फक्त पन्नास टक्क्यांची सीमा दाखवते. त्यापेक्षा कमी सिलेक्ट झालेला भाग रेघेच्या हिशेबात नसतोच. रेघ बघून सिलेक्शन तपासणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

दुरुस्ती सोपी निघाली. Ctrl+Z ने डिलीट मागे घेतलं, सिलेक्शन तसंच होतं. Q दाबल्यावर रंगवलेला मास्क जसाच्या तसा परत आला. आता Channels पॅनेलमध्ये RGB समोरचा डोळा बंद केला, फक्त Quick Mask चा चालू ठेवला. काळ्या घड्याळात करडे पट्टे लगेच दिसले, आणि एका पायाजवळ तीन-चार पांढरे ठिपके सुटलेलेही सापडले, जे लाल पडद्यात लाल पत्र्यावर कधीच दिसले नसते. 0 दाबून ओपॅसिटी शंभर केली आणि आतला भाग पुन्हा भरला. कडांना हात लावला नाही. टूलबारमधल्या क्विक मास्कच्या चिन्हावर डबल क्लिक करून पडद्याचा रंगही हिरवा करून टाकला, लाल वस्तूसाठी तो हवाच.

यावेळी Delete एकदाच दाबलं. मालिकेतल्या आधीच्या वस्तूला कडेला फिकट झालर उरली म्हणून मी दोनदा दाबलं होतं, आणि मऊ कड दातेरी झाली होती. अर्धा सिलेक्ट झालेला पिक्सेल पहिल्या वेळी अर्धा उरतो, दुसऱ्या वेळी पाव, आणि कडेचा उतार निघून जातो. झालर दिसली तर डिलीट मागे घेऊन मास्कमध्ये जायचं आणि कड पांढऱ्याने आत ढकलायची.

खाली एक काळा आणि एक पांढरा लेयर आळीपाळीने चालू-बंद करून पाहिलं. कडीची आतली बाजू आणि पाय स्वच्छ आहेत. मागच्या घंटेला काळ्यावर कपाटाची तपकिरी छटा अजून जाणवते, साधारण दोन पिक्सेलची. मास्क Select > Save Selection ने जपून ठेवला आहे, तेवढी घंटा उद्या पुन्हा रंगवतो.