ताईच्या फाइलमध्ये ठेवलेले पत्र

रविवार, २८ सप्टेंबर २०२५

ताई परवा पहाटे मुंबईहून जर्मनीला शिकायला निघणार आहे. तिच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये आज एक पत्र ठेवले. त्याची ही नक्कल.

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

दुय्यम निबंधक कार्यालयात माझी बरीच वर्षे भाडेकरार पाहण्यात गेली, त्यामुळे आखेनला पोहोचल्यावरच्या पहिल्या महिन्याबद्दल मला काही सांगता येईल असे वाटते. तिथल्या बहुतेक कामांची सुरुवात घराच्या पत्त्यापासून होते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तुला तिथल्या नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागेल; तुझ्या मैत्रिणी ज्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात ते हेच. त्यासाठी नुसता भाडेकरार पुरत नाही, तू त्या घरात राहायला आल्याचे घरमालकाचे सहीनिशी पत्र लागते. ते देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, तरीही पोटभाड्याने खोली देणारे पुष्कळदा ते द्यायला कां-कूं करतात, म्हणून किल्ली हातात घेतानाच ते मागून घे. कार्यालयाची वेळ दोन आठवड्यांत मिळाली नाही, तर वेळ मागितल्याची पोच जपून ठेव. प्रयत्न वेळेत केला होतास याचा तोच पुरावा.

जुलैमधला तो घरमालक तुला आठवत असेल. आपण परदेशात आहोत, खोली दाखवता येणार नाही, नऊशे युरो अनामत आधी पाठवा म्हणजे किल्ली कुरियरने येईल, असे त्याने कळवले होते. फोटो सुंदर होते आणि भाडे आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा बरेच कमी होते. तू दोन दिवस विचार केलास आणि स्वतःहून नकार कळवलास. त्या दिवशी मी फारसे बोललो नाही, पण तुला एकटीला पाठवण्याविषयी माझ्या मनात जो काही विचार चालू होता, तो तिथेच संपला.

आता पैशांचे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आपण ११,९०४ युरो भरले आहेत. ते सगळे तुझेच आहेत, पण महिन्याला ९९२ युरोच हाती येतील, आणि तेही तिथे चालू खाते उघडून त्याचा क्रमांक कळवल्यानंतर. काही बँका खाते उघडताना पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात, म्हणजे पत्ता अडला की खाते अडते आणि आपलेच पैसे आपल्याला दिसत राहतात पण वापरता येत नाहीत. म्हणून पहिल्या महिन्याचे भाडे, अनामत आणि खाण्याचा खर्च यांसाठीचे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे भरले आहेत. ते संपवायला संकोच करू नकोस, ते त्याचसाठी आहेत. पुढे महिन्याच्या ९९२ मधून खोलीचे ३९० आणि आरोग्य विम्याचे सुमारे १४० गेले की साडेचारशेच्या वर उरतात. घरी स्वयंपाक केलास तर तेवढ्यात नीट भागेल. पहिल्या सत्रात मात्र नोकरी शोधू नकोस. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, ती पुढच्या वर्षीही असेल.

पत्ता नोंदवल्यावर काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचे पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरोचे. घरात टीव्ही नसला तरी ते येते, त्यामुळे फसवणूक वाटते, पण ते खरे असते. ते घरामागे एकदाच भरायचे असते, म्हणून घरातल्या इतर मुलींपैकी कोणी आधीच भरत असेल तर उत्तरात तिचा शुल्काचा क्रमांक कळव आणि आपला वाटा तिला दे. निवास परवान्यासाठीचा अर्ज मात्र व्हिसावरची तारीख उलटण्याआधी गेलाच पाहिजे. ती तारीख मी फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिली आहे.

आईने कढवलेले तूप मी काल बॅगेतून काढून ठेवले. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, हे तिला समजावून सांगितले, आणि तिने त्या जागी मेतकुटाची दुसरी पिशवी भरली. काट्यावर बॅग बावीस किलो सहाशे ग्रॅम भरली. तेवीस किलोला उरलेल्या चारशे ग्रॅमच्या जागेत तिला अजून काही ठेवायचे आहे, पण काय ते ती सांगत नाही.

फोन रविवारी करत जा, तुझ्या दुपारी चार वाजता. तेव्हा इथे साडेसात झालेले असतील. २६ ऑक्टोबरला तिकडची घड्याळे एक तास मागे जातील आणि तुझे चार म्हणजे आमचे साडेआठ होतील. तू चारलाच फोन कर. आम्ही त्या दिवसापासून जेवण आधी उरकून घेऊ.

तुझे,
बाबा