पाटलीचं सोनं कमी भरलं, तेव्हा सराफाला लिहिलेलं पत्र

सुनेसाठी केलेल्या पाटल्या तिला थोड्या सैल होत होत्या, म्हणून घराजवळच्या एका सोनाराकडे कमी करायला दिल्या. त्याने काम हातात घेण्याआधी दोन्ही मशीनवर ठेवल्या. एक बरोबर २२ कॅरेट निघाली, दुसरी २१.४ कॅरेट दाखवत होती. "ताई, मशीन वरचा थर बघतं. खात्री हवी असेल तर हॉलमार्क केंद्रात न्या, मी आत्ता हात लावत नाही," तो म्हणाला. त्याने तेव्हाच पाटली तापवून कापली असती, तर पुढे मला काहीच सिद्ध करता आलं नसतं.

घरी येऊन भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये दोन्हींवर कोरलेले सहा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, टाकले. दोन्ही खरे निघाले, वस्तू पाटली, शुद्धता 22K916, म्हणजे २२ कॅरेट, हजार भागांत ९१६ भाग सोनं. म्हणजे शिक्का खोटा नव्हता, तरी सोनं कमी.

बीआयएसची मान्यता असलेल्या केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि वर जीएसटी, असे माझे २३६ रुपये झाले. भट्टीच्या तपासणीसाठी दागिन्याचा कण काढावा लागतो, त्याला आधी लेखी संमती दिली. पाटलीच्या आतल्या बाजूने त्यांनी बारीक तुकडा काढला, तेव्हा जिवावर आलं. तो कण शिसं आणि चांदीबरोबर भट्टीत घालतात, मग आम्लाने चांदी काढून टाकतात आणि उरलेलं शुद्ध सोनं तोलतात. अहवाल आला: एक पाटली ९१७, दुसरी ८९२.

बिल काढून बसले तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. खरेदी ठरताना दिलेल्या अंदाजाच्या चिठ्ठीवर मजुरी १२ टक्के लिहिलेली होती आणि बिलात १६ टक्के लावली होती. लग्नाच्या गडबडीत आम्ही फक्त शेवटचा आकडा पाहून पैसे भरले होते.

पहिलं पत्र मी रागाने लिहिलं. दोन्ही पाटल्या परत घ्या, सगळे पैसे द्या, मनस्तापाचे ५० हजार द्या. माझा मावसभाऊ ग्राहक पंचायतीचं काम करतो. त्याने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. "जेवढं कागदावर आहे तेवढंच माग. मग त्यांना नाही म्हणायला जागा राहत नाही," तो म्हणाला. बीआयएस नियम २०१८ मधला नियम ४९ त्यानेच दाखवला. हॉलमार्कच्या दागिन्यात शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर कमी भरलेल्या सोन्याच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो.

दुसऱ्या पत्रात हिशोब असा मांडला: "कमी निघालेल्या पाटलीचं वजन १५ ग्रॅम, बिलातला २२ कॅरेटचा भाव ६,८७० रुपये, म्हणून सोन्याची किंमत १,०३,०५० रुपये. ९१६ ऐवजी ८९२ म्हणजे २४ कमी, त्या प्रमाणात फरक २,७०० रुपये. दुप्पट ५,४०० रुपये. तपासणी २३६ रुपये." चांगल्या निघालेल्या पाटलीवर काहीही मागितलं नाही.

मजुरीचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात घेतला, कारण तिथे हा नियम चालत नाही. मजुरी किती घ्यायची हे सराफ ठरवतो. माझ्या हातात होती फक्त ती चिठ्ठी. दोन्ही पाटल्यांच्या २,०६,१०० रुपयांवर चार टक्के म्हणजे ८,२४४ रुपये आणि त्यावरचा तीन टक्के जीएसटी २४७ रुपये. एकूण मागणी १४,१२७ रुपये. बिल, चिठ्ठी आणि अहवाल यांच्या फक्त झेरॉक्स जोडल्या, मूळ कागद घरीच ठेवले. १५ दिवसांची मुदत देऊन पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं.

आठव्या दिवशी दुकानातून फोन आला. "हॉलमार्क आम्ही करत नाही, केंद्र करतं. पाटली आणून द्या, बदलून देतो." पाटली दिली असती, तर माझा पुरावाच त्यांच्या ताब्यात गेला असता. मी सांगितलं, विक्री तुमची, बिल तुमचं, केंद्राशी तुम्ही बघा. काय ते लेखी कळवा. चार दिवसांनी ५,६३६ रुपये खात्यात आले. मजुरीबद्दल मात्र "चिठ्ठी हा अंदाज असतो" एवढंच उत्तर.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि चिठ्ठीचा फोटो जोडला. त्यावर पाटल्यांचं वजन, तारीख, १२ टक्के आणि दुकानाचा शिक्का, सगळं होतं. तीन आठवड्यांनी दुकानाने फरकाची क्रेडिट नोट काढली. दुकानात पुन्हा खरेदी करा, त्यात वळती करू, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. शेवटी ८,४९१ रुपयांचा चेक मिळाला.

८९२ ची पाटली सुनेच्या हातात आहे. आतल्या बाजूची ती बारीक खाच तिने भरून घेतली नाही, आणि अहवाल बिलाच्याच पाकिटात ठेवलाय.