“कन्फर्म्ड” ते साडेतीनशे शब्द: द्राक्षाच्या कंटेनरनं मला मेल लिहायला शिकवलं

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीची कागदपत्रं आणि खरेदीदारांशी पत्रव्यवहार सांभाळतो. जानेवारी ते एप्रिल या काळात दिवसाला साठ-सत्तर मेल लिहिले जातात. ते इंग्रजीत असतात. इथे त्यांचा मजकूर मराठीत सांगतो.

सुरुवातीला मी एकच नियम पाळायचो, मेल जितका लहान तितका चांगला. त्या नियमानं माझं पहिलं नुकसान केलं ते होकाराच्या मेलमध्ये.

रॉटरडॅमच्या खरेदीदारानं विचारलं होतं, “१४ तारखेच्या कंटेनरमध्ये ५०० ग्रॅमचे पनेट, पेटीत दहा, आणि नवीन लेबल. जमेल ना?” मी उत्तर दिलं, “कन्फर्म्ड, धन्यवाद.” माझ्या डोक्यात पॅकिंग होतं. नवीन लेबलचे रोल २१ तारखेच्या कंटेनरसाठी येणार हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत असणार असं मी धरून चाललो. त्यानं मात्र तिन्ही गोष्टींना होकार मिळाला असं वाचलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. वीस पॅलेट जुन्या लेबलांसह तिकडे पोहोचले. प्रत्येक पनेटवर, म्हणजे द्राक्षाच्या छोट्या डब्यावर, नवीन लेबल चिकटवण्याची तिकडची मजुरी आमच्या बिलातून वजा झाली.

तोच मेल आज मी असा लिहीन: “होय. १४ तारीख, २० पॅलेट, १० × ५०० ग्रॅम. लेबल मात्र जुनंच असेल. नवीन लेबल २१ तारखेच्या कंटेनरपासून.” इंग्रजीत हे जेमतेम वीस शब्द होतात. “कन्फर्म्ड” पेक्षा लांब, तरी होकाराला लागतात तेवढेच. ज्या गोष्टीला होकार देतोय तिचे आकडे आपल्या हातानं पुन्हा लिहायचे, कारण चूक असली तर ती तिथेच समोरच्याला दिसते. त्यापलीकडे काही नको. पॅकिंग कसं चाललंय, माल किती सुंदर आहे, हवामान कसं आहे, हे त्या मेलमध्ये घातलं की लेबलवाली ओळ बुडते.

ट्रान्सपोर्टरला किंवा शिपिंग लाइनच्या ऑफिसला काही विचारायचं असेल तर चार ओळी पुरतात. काय हवं, कोणत्या कंटेनरसाठी, कधीपर्यंत, आणि तोवर उत्तर आलं नाही तर आम्ही काय धरून पुढे जाऊ. ही शेवटची ओळ बरेच जण गाळतात. माझ्या अनुभवात उत्तर वेळेवर येतं ते त्याच ओळीमुळे.

लांब मेल कधी लिहायचा आणि त्यात शब्द कुठे खर्च करायचे, हे मात्र मला २०२४ च्या हंगामात कळलं. त्या वर्षी लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला होता. द्राक्ष इतके दिवस टिकायचं तर थंडीची साखळी मध्ये कुठेच तुटून चालत नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आमचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे निघाला होता. रस्त्यात कंटेनरला वीज देणारा जेनसेट कसारा घाटात बंद पडला. दुपारी सव्वा वाजता थांबला, मेकॅनिक येऊन सुरू व्हायला चार पन्नास झाले. तीन तास पस्तीस मिनिटं. कंटेनरमध्ये दारापाशी सिमकार्डवाला टेम्परेचर लॉगर होता. त्याचा आलेख आमच्याइतकाच खरेदीदारालाही थेट दिसतो. उणे अर्ध्या अंशावर चाललेली रेघ ६.२ अंशांपर्यंत चढलेली त्यानं पाहिली आणि एका ओळीत विचारलं, “हे काय झालं?”

मी रात्री बसून उत्तर लिहिलं. जवळपास सातशे शब्द. सकाळी गाडी किती वाजता सुटली इथपासून सुरुवात. मग ड्रायव्हरचा फोन, मेकॅनिक कुठून आला, सुटा भाग कसा मिळाला, आमचे पर्यवेक्षक कसे रात्रभर जागे होते. तीन ठिकाणी माफी. गाडी भरताना द्राक्षाच्या गराचं तापमान किती होतं, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सहाव्या परिच्छेदात.

पाठवण्याआधी आमच्या एक्स्पोर्ट मॅनेजर मॅडमना दाखवला. त्यांनी तो लॅपटॉपवर वाचला नाही, माझ्याकडून स्वतःच्या फोनवर मागवून घेतला. अंगठ्यानं वर सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, “अरे, यात त्यानं करायचं काय?”

“मॅडम, काय झालं ते त्यांनी विचारलंय.”

“विचारलंय खरं. पण त्याला ठरवायचंय की पुढच्या दुकानांना माल कबूल करू की नको. ते सांग आधी. आणि हा मेल तो एकटा वाचणार आहे का?”

दुसऱ्या प्रश्नानं माझं लिहिणं बदललं. हा मेल खरेदीदार त्यांच्या शीतगृहातल्या गुणवत्ता तपासनिसाला पाठवणार होता. माल खराब निघाला तर विम्याचा सर्व्हेअर तो वाचणार होता, तोही महिन्याभरानं. ती माणसं आमच्या फोनाफोनीत नव्हती. त्यांना शंका आली तर मला विचारायला त्यांच्याकडे ना वेळ असेल ना ओळख. म्हणजे शब्द वाढवायचे होते ते त्यांच्यासाठी.

आम्ही मेल नव्यानं लिहिला. वरच्या पाच ओळी खरेदीदारासाठी: जेनसेट ३ तास ३५ मिनिटं बंद होता. दारालगतची हवा ६.२ अंशांपर्यंत गेली. रात्री साडेआठला ती पुन्हा १ अंशाखाली आली. आमच्या अंदाजानं अठरा पॅलेटना धोका कमी आहे, दारालगतचे दोन आधी तपासून आधी विकावेत. कंटेनर रोखून ठेवण्याची गरज आम्हाला वाटत नाही, तुमचा निर्णय उद्या दुपारपर्यंत कळवा. फोनवर उघडल्याबरोबर दिसतं तेवढंच हे होतं.

त्याखाली खुलासा. ड्रायव्हर, मेकॅनिक, जागरण सगळं गेलं. माफी एका वाक्यात राहिली. त्या जागी तीन गोष्टी सविस्तर आल्या.

पहिली, लॉगर कुठे होता. तो दाराजवळच्या पॅलेटवर, वरच्या थरात होता. वीज गेली की कंटेनरचे पंखेही थांबतात आणि ऊन लागलेल्या दाराकडची हवा सगळ्यात आधी तापते. लॉगर हवेचं तापमान दाखवतो, फळाचं नाही. थंड फळाचा मोठा ढीग हवेपेक्षा कितीतरी सावकाश गरम होतो. गाडी भरताना आम्ही तीन पॅलेटमधल्या मण्यांत सुई घालून गराचं तापमान मोजलं होतं, ते ०.६ ते ०.९ अंश होतं. यासाठी पाच-सहा वाक्यं लागली, आणि एकही काढता येत नव्हतं. यातलं एक गाळलं तरी वाचणारा “द्राक्षं सहा अंशांवर गेली” असाच अर्थ काढणार.

दुसरी, वेळ. हे मॅडमच्याही लक्षात आलं नव्हतं, आलेख मेलला जोडताना दिसलं. लॉगरच्या आलेखावर वेळ यूटीसीमध्ये असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आमच्या मेलप्रमाणे जेनसेट दुपारी १:१५ ला थांबला. आलेखात मात्र तापमान सकाळी आठच्या सुमारास चढायला लागलेलं. सर्व्हेअरनं दोन्ही शेजारी ठेवले असते तर जेनसेट बंद पडायच्या पाच तास आधीच कंटेनर तापला होता, म्हणजे माल गरमच भरला, असा निष्कर्ष सरळ निघत होता. आम्ही प्रत्येक वेळ दोन्ही घड्याळांत लिहिली: १३:१५ भारतीय वेळ, ०७:४५ यूटीसी. १६:५० आणि ११:२०. वाढलेले शब्द जेमतेम दहा.

तिसरी गोष्ट लिहिताना माझा हात अडला. बिघाडानंतर गराचं तापमान आम्ही मोजलेलं नव्हतं, कारण त्यासाठी सील तोडून दार उघडावं लागलं असतं. मला ते वाक्य टाळायचं होतं. मॅडम म्हणाल्या, “तू नाही लिहिलंस तर तो विचारेलच, आणि मग लपवल्यासारखं दिसेल.” ते वाक्य मेलमध्ये घातलं. त्याला जोडून माल पोहोचल्यावर काय बघायचं तेही लिहिलं: दोन पॅलेटमधले देठ तपकिरी पडलेत का, मण्यांना बुरशी धरलीय का, आणि पॅडलगतचे मणी पांढुरके झालेत का. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओलाव्यानं जास्त वायू सोडतो. गरम हवा थंड फळावर आली की दव धरतं, म्हणून ही शेवटची तपासणी नेहमीच्या यादीपेक्षा वेगळी सांगावी लागली. “माल नीट तपासावा” एवढं लिहून भागलं नसतं, ते तर ते तसंही करतात.

लॉगरच्या नोंदींचा तक्ता मेलमध्ये ओतला नाही, फाइल करून जोडला. सगळं मिळून साडेतीनशे शब्दांच्या आसपास झालं.

मेल पाठवण्याआधी मी आता एक मोजणी करतो. वाचणारा उलट काय काय विचारेल ते कागदावर लिहितो. होकाराच्या मेलला बहुधा एखादाच प्रश्न निघतो, नकाराला दोन, “का नाही” आणि “मग कधी”. कंटेनरच्या या मेलला सात निघाले होते. ज्या वाक्यानं यातला एकही प्रश्न मिटत नाही ते काढतो, मग ते कितीही चांगलं जमलेलं असो. आणि प्रश्न फारच वाढले, त्यातले अर्धे वेगळ्याच माणसाचे निघाले, तर तो एक मेल नसतो, दोन असतात. त्या दिवशी जेनसेटच्या दुरुस्तीचा खर्च कुणी भरायचा हे ट्रान्सपोर्टरला वेगळं लिहिलं. खरेदीदाराच्या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

खरेदीदाराचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: “रोखत नाही. दोन पॅलेट वेगळे काढू.” मार्चअखेरीस कंटेनर उघडला. दारालगतच्या दोन पॅलेटमध्ये देठ थोडे तपकिरी होते, ते पहिल्या दोन दिवसांत विकले गेले. बाकीच्यांबद्दल तक्रार आली नाही. तपासणीच्या अहवालात लॉगरच्या जागेबद्दलचा आमचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवलेला होता.

अहवालाला मी दिलेलं उत्तर: “अहवाल मिळाला. १८ पॅलेट पूर्ण दरानं, २ पॅलेट ठरलेल्या सवलतीनं, असं बिल आज पाठवतो.”