अकोला ते नागपूर, बोटाच्या टोकावर

डिसेंबरातली सकाळ. अकोल्याहून रुईच्या गाठी भरून नागपूरला निघायचं होतं. सात वाजता दोन पोळ्या-भाजी खाल्ली, मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. एक हमाल आला नाही म्हणून ताडपत्री ओढायला आणि दोर आवळायला मीच चढलो. तासभर चांगलाच घाम निघाला. आठ वाजता बोट टोचलं, साखर १६२.

माझ्या केबिनमध्ये एक वही असते. थांबलो की आधी अंगाला विचारायचं, 'किती असेल?' तो आकडा लिहायचा आणि मगच पट्टी मशीनला लावायची. ही सवय गेल्या वर्षीपासूनची. तेव्हा कोंढाळीच्या अलीकडे ट्रक दुभाजकाला घासला होता. मला वाटलं झोप आली, पण ढाब्यावर तपासलं तर साखर ५२ होती. सत्तरच्या खाली गेली की 'लो' म्हणतात, चोपन्नच्या खाली गेली की धोका मोठा. मला ती उतरताना कळलीच नव्हती. तेव्हापासून अंदाज आणि मशीन शेजारी शेजारी लिहितो.

मूर्तिजापूर मागे पडलं, अमरावतीचा बायपास झाला. पावणेअकराला नांदगाव पेठेजवळ थांबलो. अंदाज १३०, मशीन १०४. आकडा चांगला होता, पण पावणेतीन तासांत अठ्ठावन्नने उतरलेला. गोळीचा जोर चालू, सकाळची मेहनत अंगात आणि जेवण अजून दीड तास लांब. मेहनतीनंतर कित्येक तास स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात. तेव्हाच काहीतरी खायला हवं होतं. मी नुसता चहा घेतला, तोही बिनसाखरेचा.

मोझरीला गुरुकुंजाच्या कमानीला हात जोडले आणि पुढे निघालो. थोड्या वेळाने किलोमीटरचा दगड दिसला. आकडा वाचला, पण तो डोक्यात शिरेना. पुढचाही तसाच गेला. तेवढ्यात क्लीनर पोराने रेडिओचा आवाज जरा वाढवला आणि मी त्याच्यावर खेकसलो. तो गप्प झाला. वहीत मागे तीन वेळा हेच लिहिलेलं होतं: 'दगड वाचता येईना, पोरावर चिडलो', आणि प्रत्येक वेळी समोर ७५ च्या आतला आकडा. हात थरथरणं, छाती धडधडणं मला उशिरा येतं. चिडचीड आधी येते.

तिवसा येण्याआधी एका संत्र्याच्या टपरीशी गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली. पोराने हातात संत्रं दिलं. मी ते सोलायला घेतलं आणि मध्येच तपासायचं आठवलं. अंदाज लिहिला ७०. मशीन म्हणालं १७१.

हायसं वाटलं. मीटर दाखवतंय तर ठीकच असेल, भूक लागली असेल म्हणून चिडलो असेन.

पोर माझ्याकडे बघत होतं. "दादा, थंडीत तुमाले घाम काहून येऊन रायला?"

मानेवर हात फिरवला तर शर्टाची कॉलर ओली. बोटं पाहिली, संत्र्याच्या रसाने चिकट झालेली. थेंबभर रक्तात बोटावरची साखर मिसळली की मशीन तिचाही हिशोब धरतं. कॅनच्या पाण्याने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. ६३.

डब्यातली ग्लुकोज पावडर, तीन चमचे, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, पाण्यात ढवळून प्यालो. बिस्किटं किंवा चॉकलेट नाही, त्यातल्या तुपातेलाने साखर रक्तात जायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं सीटला टेकून बसलो. ८४. ग्लुकोज लवकर ओसरतं आणि गोळी दिवसभर काम करते, म्हणून लगेच ढाब्यावर झुणका-भाकर खाल्ली.

तरी स्टेअरिंगला हात लावला नाही. आकडा वर आला तरी डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो, म्हणून आणखी पाऊण तास थांबायचं हे डॉक्टरांनी बजावलेलं आहे. शेठचा फोन आला, गाडी कुठे आहे म्हणून. मी सरळ सांगितलं, "शुगर लो झाली, पाऊण तासाने निघतो." आधी मी पंक्चरचं कारण सांगायचो.

त्या वेळात पोराला पट्ट्यांचा डबा कुठे ठेवायचा ते दाखवलं. डॅशबोर्डवर नाही, उन्हाने पट्ट्या खराब होतात आणि विदर्भाच्या मे महिन्यात तर केबिनची भट्टीच होते. सीटमागच्या पेटीत, झाकण घट्ट लावून. आणि त्याला सांगितलं, मी विनाकारण खेकसलो तर गाडी बाजूला घ्यायला लाव, मी नाही म्हटलं तरी.

पाऊण तासाने ११८. अंदाज १२० लिहिला होता.

पुढच्या आठवड्यात वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी तिवशाचं पान दोनदा वाचलं आणि सकाळची गोळी अर्धी केली. त्या दिवशी मात्र तळेगाव, कारंजा करत निघालो. कारंजाला पुन्हा थांबलो तेव्हा पोरानेच आधी पाण्याचा कॅन पुढे केला, "दादा, हात धुवा."