तुम्ही विचारलंत म्हणून: 'नॉर्मल' आलेलं सी-पेप्टाइड

"साखर आहे हे तर कळलंच. मग डॉक्टरांनी हे गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड आणखी कशाला लिहून दिलं?"

साखर किती आहे ते ग्लुकोमीटर सांगतो. ती का वाढली ते सांगत नाही. टाइप २ मध्ये इन्शुलिन बनतं, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उठते आणि इन्शुलिन आटत जातं. या हल्ल्याची खूण म्हणजे रक्तात सापडणारी गॅडसारखी अँटीबॉडी, आणि स्वतःचं इन्शुलिन किती उरलंय ते सी-पेप्टाइडवरून कळतं. मोठ्या वयात हे आटणं कधीकधी इतकं सावकाश चालतं की सुरुवातीला गोळ्यांवर निभावतं, आणि सगळे त्याला टाइप २ च समजून चालतात.

मी फोंड्याला लॅबमध्ये रक्त घेते. आमच्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. वय बेचाळीस, अंगाने किरकोळ, थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. मेटफॉर्मिन झालं, ग्लिमेपिराइड झालं, तरी तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीए१सी १० च्या वर, आणि वजन उतरत चाललेलं. बारीक अंग, थायरॉइड, हरलेल्या गोळ्या: एवढं एकत्र दिसलं की डॉक्टर ही चिठ्ठी लिहितात. पोट सुटलेल्या, घरात सगळ्यांना साखर असलेल्या, गोळ्यांवर ठीक चाललेल्या माणसाला सहसा नाही लिहीत, आणि ते बरोबरच आहे. सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर थोड्यांचं अँटीबॉडी उगाचच पॉझिटिव्ह येतं आणि धड टाइप २ वाल्याच्या मागे टाइप १ चं शुक्लकाष्ठ लागतं.

बाई सवयीने उपाशीपोटी आल्या. अँटीबॉडीला खाल्ल्या-न खाल्ल्याने काही फरक पडत नाही. पण सी-पेप्टाइडला पडतो, आणि डॉक्टरांनी ते जेवणानंतरचं मागितलं होतं. म्हटलं, "बाई, आधी कोपऱ्यावर पातळभाजी-पाव खाऊन या." दोन तासांनी रक्त घेतलं आणि त्याच सुईत साखरेचीही ट्यूब भरली. ही दुसरी ट्यूब सगळ्यात महत्त्वाची.

सी-पेप्टाइड म्हणजे इन्शुलिन तयार होताना कापून वेगळा पडणारा तुकडा. जितकं इन्शुलिन, तितकेच तुकडे. अंगणात पडलेली सोडणं मोजली की घरात किती नारळ सोलले ते कळतं, तसंच हे. बाजारातून सोललेला नारळ आणला तर सोडण येत नाही. इंजेक्शनच्या इन्शुलिनमध्येही सी-पेप्टाइड नसतं. म्हणून इंजेक्शन चालू असलं तरी स्वतःचं स्वादुपिंड किती कमावतंय ते यातून समजतं.

बाईंचं गॅड अँटीबॉडी मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. सी-पेप्टाइड मिलिलिटरला १.२ नॅनोग्रॅम. कागदावर छापलेली मर्यादा १.१ ते ४.४, म्हणून त्यांचे मिस्टर खूश: "हे तरी नॉर्मल आहे!" पण ती मर्यादा उपाशीपोटी, साखर नसलेल्या माणसाची. बाईंची त्याच वेळची साखर होती २९०. एवढी साखर रक्तात असताना चांगल्या स्वादुपिंडाने इन्शुलिनचा लोंढा सोडायला हवा होता, आणि इथे जेमतेम १.२. डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा: जेवणानंतर पाच तासांच्या आतलं सी-पेप्टाइड ०.६ च्या खाली असेल तर टाइप १ कडे झुकायचं, १.८ च्या वर असेल तर टाइप २ कडे, मधलं असेल तर थांबून पुन्हा तपासायचं. बाई मधल्या पट्ट्यात होत्या, पण अँटीबॉडीने निकाल दिला. ग्लिमेपिराइड बंद झालं, इन्शुलिन सुरू झालं. पुढे पुन्हा केलं तेव्हा सी-पेप्टाइड ०.५ वर आलं होतं.

उलटंही फसायला होतं. उपाशीपोटी साखर ७० च्या खाली असताना रक्त दिलं तर सी-पेप्टाइड कमी येणारच. तेव्हा स्वादुपिंड गप्प असणं हेच त्याचं काम. साखर बरेच दिवस फार चढलेली असली तर चांगल्या बीटा पेशीही दमून तात्पुरत्या मंदावतात. आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर सी-पेप्टाइड बाहेर टाकलं न गेल्याने आकडा फुगतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधीच सांगा. तपासणीच्या काही पद्धतींत त्यामुळे आकडा खोटा येतो. ही गोष्ट विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण ते औषध आहे असं कोणाला वाटतच नाही.

गॅड निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असंही नाही. मग आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ ही दुसरी दोन अँटीबॉडी बघतात. इन्शुलिनविरुद्धचं अँटीबॉडी मात्र इंजेक्शन सुरू होऊन काही आठवडे झाले की निरुपयोगी, कारण टोचलेल्या इन्शुलिनविरुद्धही शरीर अँटीबॉडी बनवतं. टाइप १ च्या काही मोठ्या माणसांत कुठलंच अँटीबॉडी सापडत नाही. आणि सगळी निगेटिव्ह, सी-पेप्टाइड मात्र कमी, सोबत पोटदुखीचा जुना इतिहास असेल, तर डॉक्टर पोटाची सोनोग्राफी किंवा एक्स-रे सांगतात, कारण स्वादुपिंडात खडे होऊन आलेला मधुमेह आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेकडे, अधूनमधून सापडतो.