१४४ आणि ६० एकाच डेस्कटॉपवर: गचके कुठून येतात, किती गेले, काय उरलं

मांडणी. दोन मॉनिटर, दोन्ही २५६०×१४४०. समोरचा १४४ हर्ट्‌झचा, बाजूचा ६० हर्ट्‌झचा. दोन्ही एकाच ग्राफिक्स कार्डाला, आणि डेस्कटॉप दोन्हींवर पसरलेला. तक्रार नेहमीचीच: एकेकटा लावला की दोन्ही मॉनिटर गुळगुळीत चालतात, जोडीने लावले की एक अडखळतो.

आधी तपासणी. माउस गोलगोल फिरवून स्मूथपणा बघायची सवय सोडावी. कर्सर बहुतेक वेळा हार्डवेअरच्या वेगळ्या थरावर काढला जातो. डेस्कटॉपचं चित्र रखडत असलं तरी कर्सर मजेत पळतो, आणि मग वाटतं की मॉनिटर बरोबर चाललाय. त्याऐवजी एखादी मध्यम आकाराची विंडो पकडून सावकाश, एकसारख्या वेगाने आडवी ओढावी. असं आधी वेगवान मॉनिटरवर करावं, मग धीम्यावर. त्यानंतर बाजूच्या मॉनिटरवर व्हिडिओ चालू करून पुन्हा एकदा ओढून बघावं.

यातून गचक्याची जात कळते. बाजूचा मॉनिटर शांत असतानाही ठरावीक लयीत गचके येत असतील, तर दोन मॉनिटर एकाच घड्याळाला बांधलेले आहेत. बाजूला काही हललं तरच समोर गचके येत असतील, तर कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो जुळवून पडद्याचं चित्र तयार करणारा प्रोग्राम, एकाला दुसऱ्याची वाट बघायला लावतोय. आणि फक्त गेम चालू असतानाच बाजूचा व्हिडिओ अडकत असेल, तर तो प्रश्न बहुधा रिफ्रेश रेटचा नसतोच. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

नोंद १: एकच घड्याळ, म्हणजे नक्की काय

सर्वात स्वच्छ उदाहरण एक्स११चं, म्हणजे लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेचं. तिथे दोन मॉनिटर म्हणजे एकाच मोठ्या चित्राला पाडलेल्या दोन खिडक्या. कंपोझिटर ते अख्खं चित्र एकदाच रंगवतो आणि ते बदलताना कुठल्या तरी एकाच मॉनिटरच्या इशाऱ्याची वाट बघतो. तो कुठला मॉनिटर निवडतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

समजा त्याने ६० वाला निवडला. मग १४४ वाल्याला सेकंदाला साठच नवी चित्रं मिळतात. १४४ भागिले ६० म्हणजे २.४. आता अर्धंमुर्धं रिफ्रेश नावाची गोष्ट नसते, त्यामुळे पाच चित्रं बारा रिफ्रेशमध्ये बसवावी लागतात: २, २, ३, २, ३. म्हणजे एखादं चित्र १३.९ मिलिसेकंद टिकतं आणि पुढचं २०.८. सरासरी साठ फ्रेमचीच येते, म्हणून फ्रेम मोजणारा काउंटर निवांत ६० दाखवत राहतो. डोळ्याला खुपते ती ही असमान लय.

उलटं केलं, घड्याळ १४४ चं धरलं, तर त्रास बाजूच्या मॉनिटरवर जातो. सेकंदाला १४४० पिक्सेल वेगाने सरकणारी विंडो घेऊ. १४४ वर ती दर फ्रेमला १० पिक्सेल पुढे जाते. ६० वाल्यावर ती दर रिफ्रेशला २४ पिक्सेल सरकायला हवी, पण त्याच्या हाती कधी दोन फ्रेमचं अंतर लागतं तर कधी तीनचं. त्यामुळे पावलं पडतात २०, २०, ३०, २०, ३०. मजकूर सरकवताना अक्षरं थरथरल्यासारखी दिसतात ती यामुळे. शिवाय ज्या मॉनिटरच्या इशाऱ्याकडे कंपोझिटर बघत नाही, त्याच्यावर आडवी चीरही दिसू शकते.

नोंद २: समोरचा १२० वर आणला

१२० म्हणजे ६० ची बरोबर दुप्पट. विंडो तीच, वेग तोच: १२० वर दर फ्रेमला १२ पिक्सेल, ६० वर दर रिफ्रेशला दोन फ्रेम, म्हणजे प्रत्येक पाऊल २४. कागदावर दोन्ही मॉनिटर गुळगुळीत.

पण घड्याळ वेगवान मॉनिटरचंच हवं. ते ६० वाल्याकडेच राहिलं तर १२० वर प्रत्येक चित्र सारखं दोन रिफ्रेश टिकतं. लय सुधारते, पण गती साठचीच. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर हे घड्याळ पर्यावरण चलाने सांगता येतं. `/etc/environment` मध्ये ही ओळ टाकायची, कनेक्टरचं नाव आपल्या `xrandr` मध्ये दिसेल ते लिहायचं, आणि लॉगआउट करून परत यायचं:

```
__GL_SYNC_DISPLAY_DEVICE=DP-0
```

टर्मिनलमध्ये नुसतं `export` करून फरक पडत नाही, कारण चल कंपोझिटर सुरू होण्याआधी ठरलेलं असावं लागतं. इथे बरेच जण फसतात.

इतर पटींचा हिशेब झटपट: २४० आणि ६० जमतात, चौपट. १६५ आणि ६० जमत नाहीत, २.७५ येतं; तिथेही समोरचा १२० वर आणावा. बाजूचा ७५ वाला असेल तर समोरच्याला खाली आणण्याआधी बाजूच्याला ७२ वर चालवून बघावं, १४४ ची बरोबर निम्मी. ७५ वाले बरेच मॉनिटर ७२ चा कस्टम मोड मुकाट्याने घेतात.

यादीत १२० दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट तपासावं. १४४० रेषांना १२० हर्ट्‌झसाठी साधारण ४९८ मेगाहर्ट्‌झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, लागतो. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० आहे, २.० ची ६००. जुन्या पोर्टवर हा मोड येणारच नाही, डिस्प्लेपोर्टवर जावं.

नोंद ३: दर दहा सेकंदांनी एक गचका

लय सुधारल्यावर एक चिवट गचका उरतो. ठरावीक वेळाने एकदा येतो, मग पुन्हा सगळं शांत. याचं उत्तर दशांशात आहे. नेमके आकडे असे बघावेत:

```
xrandr | grep -E ' connected|\*'
```

विंडोजवर हेच Settings > System > Display > Advanced display मध्ये, वरून मॉनिटर निवडून दिसतं.

या रिझोल्यूशनला ‘६०’ म्हणून मिळणारा नेहमीचा मोड खरं तर ५९.९५१ असतो आणि ‘१२०’ वाला ११९.९९८. ५९.९५१ ची दुप्पट ११९.९०२. म्हणजे वेगवान मॉनिटर दर सेकंदाला ०.०९६ फ्रेमने पुढे सरकतो, आणि साधारण १०.४ सेकंदांत एक अख्खी फ्रेम जास्तीची साठते. त्या क्षणी धीम्या मॉनिटरवरचं पाऊल २४ ऐवजी ३६ पिक्सेलचं पडतं. दहा सेकंदांचं कोडं ते एवढंच.

उपाय पिक्सेल क्लॉकमध्ये. कमी केलेल्या ब्लँकिंगच्या या मोडमध्ये एका फ्रेमला २७२० × १४८१ म्हणजे ४०,२८,३२० पिक्सेल लागतात (न दिसणारे धरून). क्लॉक २४१.५० मेगाहर्ट्‌झ आहे, भागाकार ५९.९५१. तो २४१.७० केला की ६०.०००२ येतात. बाकी एकही आकडा बदलायचा नाही:

```
xrandr --newmode "1440p60" 241.70 2560 2608 2640 2720 1440 1443 1448 1481 +hsync -vsync
xrandr --addmode DP-2 "1440p60"
xrandr --output DP-2 --mode "1440p60"; sleep 15; xrandr --output DP-2 --auto
```

शेवटच्या ओळीतला `sleep` मुद्दाम आहे. मॉनिटरने मोड नाकारून पडदा काळा केला, तरी पंधरा सेकंदांत जुना मोड आपोआप परत येतो. चित्र नीट दिसलं तर तीच ओळ पहिल्या अर्धविरामापर्यंत पुन्हा चालवावी. काही ड्रायव्हर `--addmode` लाच नकार देतात. तिथे दहा सेकंदांचा गचका सोसावा किंवा पुढच्या नोंदीकडे जावं. विंडोजवर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये Change resolution > Customize मधून हाच बदल होतो.

आता फरक उरतो तो ११९.९९८ आणि १२०.०००४ यांच्यातला, म्हणजे ०.००२४ च्या आसपास. गचका सात मिनिटांतून एकदा. तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

नोंद ४: घड्याळंच वेगळी केली तर

खरं तर वरची सगळी खटपट एक्स११ला धरून राहायचं असेल तरच. एक्स११च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये कंपोझिटर प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं चित्र वेगळ्या वेळी रंगवू शकतो. लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी ग्नोममध्ये ही सोय सप्टेंबर २०२० च्या ३.३८ पासून आहे, केडीई प्लाझ्मात फेब्रुवारी २०२१ च्या ५.२१ पासून. आपण कशात आहोत ते `echo $XDG_SESSION_TYPE` सांगतं. इथे १४४ आणि ६० असेच ठेवावेत, १२० वर आणायची गरज नाही.

विंडोजवरचा हाच टप्पा म्हणजे विंडोज १० ची मे २०२० मधली २००४ आवृत्ती, बिल्ड १९०४१. त्याआधी बाजूच्या मॉनिटरवर व्हिडिओ किंवा ॲनिमेशन चालू झालं की समोरचा १४४ वाला अडखळायचा, आणि व्हिडिओची विंडो मिनिमाइझ केली की लगेच सुधारायचा. `winver` चालवून बिल्ड बघावा. जुना असेल तर अपडेट हाच उपाय. तेव्हाच्या बाकी सगळ्या युक्त्या वेळकाढूपणा होत्या.

नोंद ५: गेम समोर, व्हिडिओ बाजूला

नव्या विंडोजवरही ही तक्रार येते, पण कारण वेगळं असतं. गेम ग्राफिक्स कार्डाला पूर्ण जुंपतो, आणि बाजूच्या मॉनिटरचं चित्र जुळवायला डेस्कटॉपच्या कंपोझिटरला वेळेवर पाळी मिळत नाही. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 3D आलेख शंभराला चिकटलेला दिसला की खूण पटली. गेमला फ्रेमची मर्यादा घालावी: कार्ड १३० फ्रेम काढत असेल तर ११५ ला थांबवावं. आलेख नव्वदच्या खाली आला आणि व्हिडिओ सुटला, तर दोष रिफ्रेश रेटचा नव्हता. मर्यादा घालूनही समोरच गचके राहिले, तर फ्रेम पडद्यावर कशा जातात ते नोंदवणारं प्रेझेंटमॉन लावून गेमचा मोड बघावा. `Hardware: Independent Flip` असेल तर गेम थेट पडद्यावर जातोय. `Composed` ने सुरू होणारं काही दिसलं तर तो कंपोझिटरमधून फिरून येतोय. विंडोज ११ मधलं ‘Optimizations for windowed games’ चालू करून पुन्हा मोजावं.

उरलेलं. दोन्ही मॉनिटरवर निम्मी-निम्मी पसरलेली विंडो. ॲप आपलं चित्र एकाच लयीत रंगवतं, त्यामुळे १४४ आणि ६० च्या जोडीत तिची एक बाजू घड्याळं वेगळी असूनही अडखळते. अशी विंडो रोजच लागत असेल, तर वेलँडवरही समोरचा मॉनिटर १२० वर ठेवलेला बरा.